रंगाच्या दुकानाची स्टोरी: पोल, क्विझ आणि प्रश्न कोणत्या क्रमाने टाकायचे

दोन शेडचे फोटो शेजारी शेजारी आणि खाली पोल: ‘हॉलला कोणता शोभेल?’ रंगाच्या दुकानांच्या इन्स्टाग्राम स्टोरीत सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच. मतं भरपूर पडतात, कारण मत द्यायला भिंत लागत नाही. कॉलेजातला भाचा, शेजारच्या गावातला दुसरा रंगवाला, गेल्याच वर्षी घर रंगवून झालेली मैत्रीण, सगळे बोट टेकवून पुढे जातात. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला एवढंच कळतं की निम्म्याहून जास्त लोकांना पिस्ता आवडला. त्यातल्या कोणाचं घर यंदा रंगवायचंय आणि कुठली खोली, याचा पत्ता लागत नाही.

फोनच्या पडद्यावर रंग विकला जात नाही. तिथे रंग खराही दिसत नाही. स्टोरीतल्या स्टिकरकडून एकच काम करून घ्यायचं: ज्यांच्याकडे यंदा रंगकाम आहे ती माणसं बाकीच्यांतून वेगळी काढणं आणि त्यांच्या खोलीची माहिती थोडी थोडी मिळवणं. पुढची सगळी पद्धत त्यासाठीच आहे. उदाहरण म्हणून साताऱ्यातलं एक दुकान घेऊ. नाव नको, आकडेही समजुतीपुरते धरलेले आहेत. टिंटिंग मशीन आहे, काउंटरवर दोघं जण, इन्स्टाग्रामवर अकराशे फॉलोअर, आणि घरी जाऊन रंगाचा सल्ला देण्याचं काम नुकतंच सुरू केलेलं.

## १. वेळ निवडा: पितृपक्ष वाया घालवू नका

आपल्याकडे दिवाळीआधीच्या रंगकामाची खरेदी नवरात्रात सुरू होते. त्याआधीचा पितृपक्षाचा पंधरवडा दुकानात शांत जातो, कारण बरीच घरं त्या दिवसांत नवी खरेदी टाळतात. पण ठरवणं टाळत नाहीत. कोणती खोली, किती खर्च, पेंटर कोण, या चर्चा घरोघरी तेव्हाच चालू असतात. म्हणून स्टिकरची मालिका या पंधरवड्यात चालवायची. दसरा उलटल्यावर सुरू केली तर चौकशा येतील, पण तोवर चांगल्या पेंटरच्या तारखा गेलेल्या असतात. शिवाय बाहेरगावहून आलेले बरेच कारागीर दिवाळी-छठसाठी गावी जातात, ते वेगळंच.

या दिवसांत ‘पितृपक्ष धमाका सूट’ असलं काही टाकू नका. ज्यांना ते खटकतं तीच घरं तुमची गिऱ्हाइकं आहेत.

दिवसातली वेळही विचार करून ठेवा. सकाळी नऊ ते अकरा काउंटरवर पेंटर लोकांची गर्दी असते. तेव्हा टाकलेल्या स्टोरीला आलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत कोणी पाहत नाही. रात्री आठच्या सुमाराला स्टोरी टाका, झोपण्यापूर्वी एकदा उत्तरं पाहा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते तीन या निवांत वेळात मेसेज करा. कधी टाकायचं यापेक्षा कधी उत्तर देता येईल, याला जास्त किंमत आहे.

## २. स्टोरी टाकण्याआधी चार गोष्टी हाताशी ठेवा

पहिली म्हणजे वही. साधी, आडव्या रकान्यांची. रकाने असे: नाव किंवा हँडल, काय रंगवायचंय, खोलीत उजेड कसा, फोटो आला का, भेटीची तारीख, शेड कोड, किती लिटर. मोबाइलमधली शीट चालेल, पण काउंटरवर दोघं जण बसत असतील तर वहीच बरी, कारण ती दोघांनाही दिसते.

दुसरी म्हणजे सल्ल्याची फी. ती मालिका सुरू होण्याआधीच ठरवा आणि एका वाक्यात लिहून ठेवा. आपल्या साताऱ्याच्या दुकानाने असं ठरवलं: शहरात घरी येऊन एका खोलीचा सल्ला ₹७००, आणि रंग आमच्याकडूनच घेतला तर ही रक्कम बिलातून वजा. फी ठरलेली नसली की मेसेजमध्ये ‘बघू, तुम्ही आधी या तर’ असं लिहिलं जातं आणि सल्ला फुकटच असतो असं समोरचा धरून चालतो. मग पुढे पैसे सांगायला जीभ उचलत नाही.

तिसरी गोष्ट पेंटरच्या तारखा. ज्या दोन-तीन पेंटरचं काम तुम्हाला माहीत आहे, त्यांना विचारून नवरात्र ते धनत्रयोदशी या काळातले मोकळे दिवस वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. रंग विकत घेणाऱ्याचा दुसरा प्रश्न नेहमी हाच असतो.

चौथी म्हणजे व्हॉट्सअॅपची लिंक. मेसेजवरून बोलणं पुढे न्यायला ती लागते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

शून्य किंवा अधिकचं चिन्ह न लावता ९१ च्या पुढे तुमचा दहा आकडी नंबर इंग्रजी अंकांत टाकायचा. दुसऱ्या फोनवरून एकदा उघडून पाहा. चुकलेल्या लिंकची तक्रार करायला कोणी येत नाही.

तपासणी: फी एका वाक्यात सांगता येते का? पेंटरची निदान एक तारीख मोकळी आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर पोल टाकू नका.

## ३. रंगाचा फोटो: खोटा वाटणार नाही इतपत खरा

पुढच्या स्टोरींत कुठे ना कुठे रंग दाखवावा लागेलच. कंपनीच्या वेबसाइटवरचा रंगाचा चौकोन उचलून टाकू नका. तो दिसतो छान, पण भिंतीवरचा रंग त्याच्याशी जुळला नाही की गिऱ्हाईक तुम्हालाच धरतं.

जाड पांढऱ्या कार्डशीटवर किंवा प्लायच्या पातळ तुकड्यावर, साधारण दोन फूट बाय दोन फूट, त्या शेडचे दोन हात मारा. पूर्ण वाळू द्या. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो. मग दुकानाच्या दाराशी, थेट ऊन नसलेल्या पण भरपूर उजेडाच्या जागी तो बोर्ड उभा करा आणि शेजारी एक कोरा पांढरा कागद लावा. कागद फोटोत यायलाच हवा. फोनचा कॅमेरा समोर जे असेल त्यावरून पांढऱ्याचा अंदाज बांधतो, आणि फ्रेमभर पिवळसर शेड असली की तो स्वतःहून त्यात निळा मिसळतो. शेजारी खरा पांढरा कागद असला की कॅमेऱ्याचा अंदाज कमी चुकतो आणि पाहणाऱ्यालाही ताडून बघता येतं. कागद पिवळा किंवा निळसर दिसला तर तो फोटो टाकून द्या. फिल्टर अजिबात नको.

फोटोवर शेडचं नाव लिहा आणि खाली बारीक अक्षरात लिहा: ‘फोनवर रंग थोडा वेगळा दिसतो, नमुना दुकानात आहे.’ एवढ्या एका ओळीमुळे पुढचे बरेच वाद टळतात आणि माणूस दुकानात यायला कारण मिळतं.

स्टिकर पडद्याच्या मधल्या भागात ठेवा. अगदी वर खात्याचं नाव आणि अगदी खाली मेसेजची पट्टी असते. तिथे ठेवलेला पर्याय दाबताना भलतंच काहीतरी उघडतं.

## ४. पहिल्या दिवशी पोल: घर शोधणारा प्रश्न

पोल सगळ्यात सोपा, म्हणून तो आधी. पण प्रश्न आवडीचा नको, कामाचा हवा. पोलमध्ये चार पर्याय देता येतात. ते चारही वापरा.

आपल्या दुकानाचा पहिला पोल:

‘दिवाळीआधी घरी रंगकाम आहे का?’
– हो, पूर्ण घर
– एखादी खोली
– फक्त बाहेरून
– यंदा नाही

‘यंदा नाही’ हा पर्याय मुद्दाम ठेवलाय. तो नसला तर ज्यांना काहीच करायचं नाही तेही गंमत म्हणून बाकीच्या तिन्हींत मत टाकतात आणि यादी बिघडते. ‘नाही’ म्हणायला जागा दिली की ‘हो’वर भरवसा ठेवता येतो.

समजा ६१ मतं पडली. त्यातली ३८ ‘यंदा नाही’. दुकानदाराला इथे वाईट वाटतं, पण उरलेली २३ हाच त्या दिवसाचा माल आहे: ५ पूर्ण घरं, १४ एकेक खोली, ४ बाहेरची कामं. स्टोरी उघडून वर सरकवलं की कोणी कोणता पर्याय निवडला ते खातं चालवणाऱ्याला नावानिशी दिसतं. बाकीच्यांना फक्त टक्केवारी. ही २३ नावं दुसऱ्याच दिवशी वहीत उतरवा. पाहणाऱ्यांची यादी फार काळ राहत नाही, आणि नंतर आठवून लिहिलेली यादी कामाची नसते.

दुसऱ्या दिवशी दुसरा पोल: ‘जी खोली रंगवायची आहे तिथे ऊन कधी येतं?’ पर्याय: सकाळी, दुपारनंतर, दिवसभर उजेड असतो, जवळजवळ येतच नाही. हा प्रश्न साधा वाटतो, पण सल्ल्याचं अर्धं काम यातच होतं. पहिल्या दिवशीच्या २३ पैकी जे या पोललाही उत्तर देतात ते खरोखर विचारात आहेत. वहीत त्यांच्या नावापुढे टिंब करा.

इथे होणारी चूक: पोलला उत्तर आलं की लगेच सगळ्यांना एकच मेसेज चिकटवून पाठवणं. ‘नमस्कार, आमच्याकडे सर्व कंपन्यांचे रंग मिळतील’ हे वाचून माणसाला आपण मत दिल्याचा पस्तावा होतो. शिवाय जो तुम्हाला फॉलो करत नाही त्याच्याकडे तुमचा मेसेज रिक्वेस्टच्या कप्प्यात जाऊन पडतो. पोलच्या टप्प्यावर फक्त ‘पूर्ण घर’वाल्यांना लिहा, तेही एका प्रश्नापुरतं: ‘रंगकाम कधी सुरू करायचा विचार आहे?’ बाकीच्यांना अजून थोडं पुढे येऊ द्या.

## ५. तिसऱ्या-चौथ्या दिवशी क्विझ: जिथे उत्तर खरंच एक आहे तिथेच

क्विझमध्ये तुम्ही बरोबर उत्तर आधीच ठरवता. बरोबर निवडलं की हिरवं, चुकलं की लाल. म्हणून आवडीचे प्रश्न क्विझमध्ये घालायचे नाहीत. ‘किचनला कोणता रंग सर्वोत्तम?’ असं विचारून ज्या ताईंनी हौसेनं केशरी निवडला त्यांच्या पडद्यावर लाल उमटवणं म्हणजे त्यांना काउंटरवरच टोकणं. क्विझमध्ये मोजता येणारी किंवा पडताळता येणारी गोष्ट विचारा.

माझ्या मते रंगाच्या दुकानाला सगळ्यात उपयोगी क्विझ प्रमाणाचं आहे:

‘१० × १२ च्या खोलीच्या चार भिंतींना इमल्शनचे दोन हात द्यायला किती रंग लागेल?’
पर्याय: २ लिटर, ४ लिटर, ६ लिटर, १० लिटर.

उत्तर सुमारे ६ लिटर. पण क्विझ फक्त बरोबर-चूक सांगतं, कारण सांगत नाही. म्हणून क्विझच्या मागोमाग लगेच दुसरी स्टोरी हवी, त्यात हिशेब: खोलीचा घेर ४४ फूट, उंची १० फूट धरली तर ४४० चौरस फूट. दार आणि खिडकी मिळून साधारण ४० वजा. उरले ४००. पुट्टी करून घासलेल्या गुळगुळीत भिंतीवर एक लिटरमध्ये दोन हातांसाठी ६०-७० चौरस फूट निघतात. ४०० ला ६५ ने भागा: सहा लिटरच्या थोडं वर. भिंत खडबडीत असेल, किंवा गडद रंगावर फिका मारायचा असेल तर जास्त.

हा हिशेब फुकट सांगून टाकल्याने नुकसान होत नाही. उलट ‘दुकानदार दोन डबे जास्त माथी मारतो’ हा जो संशय प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनात असतो, तो निघून जातो. आणि स्टोरीच्या खालच्या ओळीत लिहा: ‘तुमच्या खोलीची लांबी, रुंदी, उंची मेसेज करा, लिटर सांगतो.’ रंगाचं मत मागण्यापेक्षा माप मागितलेलं बरं, कारण माप पाठवणारा माणूस टेप घेऊन भिंतीपाशी गेलेला असतो.

दुसरं क्विझ अपेक्षा सरळ करण्यासाठी: ‘शेडकार्डवरचा छोटा तुकडा आणि चारही भिंतींवर मारलेला तोच रंग. भिंतीवर कसा वाटतो?’ पर्याय: फिका, तंतोतंत तसाच, जास्त भडक. उत्तर: बहुतेक वेळा जास्त भडक, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग परावर्तित करतात. पुढच्या स्टोरीत एकच सूचना: कार्डवर आवडला त्याहून एक पायरी फिका घेऊन आधी बोर्डवर पाहा. इथे बोर्डच्या नमुन्याचा विषय पहिल्यांदा निघतो, आणि तो पुढे लागणार आहे.

तपासणी: क्विझ टाकण्याआधी उत्तर काउंटरवरच्या अनुभवी पेंटरला विचारा. तो ‘अवलंबून आहे’ म्हणाला तर प्रश्नात अट घाला (‘पुट्टी केलेली भिंत’, ‘दोन हात’) किंवा प्रश्न सोडा. एकदा टाकलेलं स्टिकर दुरुस्त करता येत नाही. काढून पुन्हा टाकावं लागतं आणि आधीची उत्तरं जातात.

## ६. पाचव्या दिवशी प्रश्नाचं स्टिकर: कौतुक नको, तक्रार मागा

प्रश्नाच्या स्टिकरमध्ये माणसाला टाइप करावं लागतं. म्हणून ते सगळ्यात शेवटी. पहिल्याच दिवशी टाकलं तर दोन उत्तरं येतात: एक ‘किंमत?’ आणि दुसरं ओळखीच्या कोणाचं तरी ‘मस्त!’

‘रंगाबद्दल काहीही विचारा’ हे वाक्य वापरू नका. समोरच्याला काय विचारायचं हेच माहीत नसतं. म्हणून तर त्याला सल्ला हवाय. पण घरातली कोणती भिंत डोळ्यांत खुपते, हे प्रत्येकाला माहीत असतं. तेच विचारा:

‘घरातल्या कोणत्या भिंतीचा रंग तुम्हाला खटकतो, आणि का? एका वाक्यात सांगा.’

उत्तरं अशी येतात: हॉलची भिंत फोटोत पिवळी दिसते. मुलांच्या खोलीत हाताचे डाग जात नाहीत. बाल्कनीकडच्या भिंतीला पापुद्रे सुटलेत. यातल्या प्रत्येक वाक्यात एक विक्री किंवा एक सल्ला दडलेला आहे. डागांची तक्रार म्हणजे पुसता येणाऱ्या इमल्शनचं गिऱ्हाईक. पापुद्र्यांची तक्रार म्हणजे आधी ओल शोधण्याचं काम, रंग नंतर.

आलेल्या उत्तरांतली दोन-तीनच स्टोरीवर उत्तरासह टाका. इन्स्टाग्राम विचारणाऱ्याचं नाव इतरांना दाखवत नाही, पण मजकुरात सोसायटी किंवा फ्लॅटचा उल्लेख असेल तर ते उत्तर टाकू नका. साताऱ्यासारख्या गावात तेवढ्यावरून घर ओळखतात. बाकी सगळ्यांना खाजगीत लिहा. दुकानानेच बनवून टाकलेले प्रश्न तर नकोतच. गाव लहान असतं, भाषा ओळखू येते.

इथे होणारी चूक: स्टोरीवर उत्तर देताना थेट शेडचं नाव सांगून मोकळं होणं. खोली न पाहता दिलेलं नाव चुकण्याची शक्यता मोठी, आणि बरोबर असलं तरी माणूस ते नाव घेऊन जवळच्या दुसऱ्या दुकानात जातो. स्टोरीत कारण सांगा. शेड भेटीत ठरवा.

## ७. चोवीस तासांच्या आत मेसेज: एक प्रकरण पूर्ण

आता त्या १४ ‘एखादी खोली’वाल्यांपैकी एका ताईंचं उदाहरण घेऊ. पहिल्या पोलला ‘एखादी खोली’, दुसऱ्याला ‘जवळजवळ ऊन येतच नाही’. प्रश्नाच्या स्टिकरला त्यांनी लिहिलं: ‘बेडरूमला राखाडी हवाय, पण खोली आधीच अंधारी आहे.’

दुकानाने दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या उत्तरावरूनच मेसेज उघडला आणि लिहिलं:

‘नमस्कार ताई. अंधाऱ्या खोलीतही राखाडी चालतो, पण कोणता ते खोलीतल्या उजेडावर ठरतं. दोन फोटो पाठवाल का? दोन्ही फोटोंत भिंतीवर एक कोरा पांढरा कागद चिकटवा. एक फोटो सकाळी अकराच्या सुमारास दिवे बंद ठेवून, दुसरा रात्री नेहमीचे दिवे लावून. खोलीची लांबी, रुंदी, उंचीही सांगा.’

या मेसेजमध्ये किंमत नाही, दुकानाची जाहिरात नाही. आणि फोटो काढायला पाच मिनिटं जात असल्यामुळे ज्यांना खरंच काम आहे तेच फोटो पाठवतात. जे पाठवत नाहीत त्यांच्या मागे लागू नका. तीन-चार दिवसांनी एकदा आठवण, मग विषय बंद.

ताईंचे फोटो आले. खोली १० × १२, उंची १०. खिडकी उत्तरेला. दिव्यांच्या फोटोत पांढरा कागद निळसर दिसतो, म्हणजे ट्यूब थंड पांढऱ्या उजेडाची, आपल्याकडे बहुतेक घरांत असते तशी, ६५०० केल्विनच्या आसपास. उत्तरेचा उजेडही थंडच. अशा खोलीत निळ्या छटेचा राखाडी मारला तर तो सिमेंटसारखा दिसतो, आणि ‘दुकानदाराने वेगळाच रंग दिला’ ही तक्रार ठरलेली. म्हणून उबदार राखाडी, म्हणजे ज्याच्या पोटात थोडा पिवळा किंवा तपकिरी आहे, तो. काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही हा आकडा देतात. रंग किती उजेड परत टाकतो ते ० ते १०० मध्ये सांगणारा. अंधाऱ्या बेडरूमला साठच्या खाली जाऊ नये, असं मी धरतो. त्याखालचा राखाडी फार आवडलाच, तर पलंगामागच्या एकाच भिंतीला.

फोटोत आणखी एक गोष्ट दिसली: खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला फुगे. हे ताईंनी लिहिलं नव्हतं. पावसाळा नुकताच संपलेला, म्हणजे भिंतीत पाणी असण्याची शक्यता. दुकानाने कळवलं: ‘ताई, कोपऱ्यात ओल वाटते. फुगे आलेल्या जागेवर फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर आधी गळती बंद करावी लागेल. त्याआधी रंग मारला तर पुन्हा पापुद्रे सुटतील.’ यात त्या आठवड्याची विक्री पुढे गेली. पण ओल्या भिंतीवर रंग विकून दोन महिन्यांनी येणारी तक्रार महाग पडते, आणि ती तक्रारही स्टोरीवरच येते.

या टप्प्यावर फी सांगायची. आधी नाही, नंतरही नाही. ‘शेड फायनल करायला घरी येऊन तीन नमुने भिंतीवर दाखवतो. एका खोलीचे ₹७००, रंग आमच्याकडून घेतलात तर बिलातून वजा. गुरुवारी किंवा शनिवारी चारनंतर जमेल का?’ दोन दिवस सुचवा. ‘कधीही’ म्हटलं की कधीच होत नाही.

## ८. भेट आणि डबा

भेटीला जाताना तीनच बोर्ड न्या, दोन हात मारलेले. पाच-सहा नेले की घरातलं प्रत्येक माणूस वेगळा निवडतं आणि निर्णय दिवाळीनंतर जातो. बोर्ड खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि खिडकीच्याच भिंतीवर, दोन्हीकडे लावून दाखवा. खिडकीच्या भिंतीवर तोच रंग बराच गडद वाटतो. आधी दिवे बंद ठेवा, मग ट्यूब लावा. शक्य असेल तर बोर्ड रात्रभर तिथेच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी निर्णय घ्या.

ऑर्डर घेताना एक वाक्य न विसरता सांगायचं: मशीनवर तयार केलेला रंग परत घेतला जात नाही. हे बिलावर छापलेलं असतं, पण तोंडाने सांगितलेलं नसतं. लिटर ठरवताना क्विझचाच हिशेब समोर करा. ताईंच्या खोलीला सहा-सव्वासहा लिटर. मशीनच्या बेसचे डबे कलरंटला जागा ठेवून थोडे कमी भरलेले येतात, त्यामुळे डब्यावरचा आकडा पाहूनच बेरीज करा. सगळा रंग एकाच वेळी काढा आणि सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र मिसळून मगच मारायला पेंटरला सांगा. एक लिटर कमी पडला म्हणून आठ दिवसांनी काढलेल्या डब्यात बारीक फरक येऊ शकतो, आणि भिंतीच्या मधोमध तो दिसतो.

शेड कोड, बेस आणि तारीख वहीत लिहा, डब्याच्या झाकणावरही लिहा. दोन वर्षांनी त्या एका भिंतीला हात मारायचा झाला की ताई हाच कोड विचारायला येतील.

## ९. काय मोजायचं

मालिका संपल्यावर मतं मोजू नका. वहीतून चार आकडे काढा: कामाचं उत्तर देणारे, फोटो किंवा माप पाठवणारे, भेट झालेले, रंग नेलेले. आपल्या दुकानाचे समजा २३, ९, ५, ४ आले. २३ वरून ९ वर मोठी गळती आहे, म्हणजे मेसेज उशिरा गेला किंवा फोटो मागणारं वाक्य अवघड झालं. ९ वरून ५ वर आले असतील तर फी सांगण्याची पद्धत किंवा तारखा तपासा. भेटीनंतर गळती असेल तर बहुधा बोर्ड जास्त नेले किंवा पेंटर मिळाला नाही. पहिलाच आकडा पाच-सहाच्या खाली असेल तर स्टिकरचा दोष काढू नका. तुमचे फॉलोअर गावाबाहेरचे आहेत का ते पाहा. इन्साइट्समध्ये शहरांची यादी मिळते. पुणे-मुंबई वर असेल आणि सातारा तिसरा, तर आधी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला काउंटरवरच्या क्यूआर कोडवरून फॉलो करायला सांगा, आणि मालिका महिनाभराने पुन्हा चालवा.

काम पूर्ण झाल्यावर खोलीचा फोटो टाकायचा असेल तर ताईंची परवानगी लेखी मेसेजमध्ये घ्या. देवघर, मुलांचे फोटो, खिडकीतून दिसणारी सोसायटीची पाटी फ्रेममध्ये येऊ देऊ नका. फोटो त्याच अकराच्या उजेडात काढा, शेजारी तोच पांढरा कागद लावून. खाली रंगाच्या नावाबरोबर खोलीची दिशा आणि लिटरही लिहा: ‘उत्तरेची खिडकी, १० × १२, सव्वासहा लिटर.’ उत्तरेच्या खिडकीची दुसरी अंधारी खोली ज्यांच्याकडे आहे, ते त्या ओळीवरून मेसेज करतात.